सोवळ्यातली वळी

गणपतीत चिरंजीवांनी माझा एक फोटो काढला. सोवळं नेसून, मांडी घालून मी पाटावर बसलोय, हातात दूर्वांची जुडी, चेहऱ्यावर प्राणप्रतिष्ठेचं गांभीर्य आणि सोवळ्याच्या काठावर टेकलेली पोटाची एक वळी. फार मोठी नव्हे. कणीक मळून झाल्यावर परातीच्या कडेला चिकटून राहते, तेवढीच. पण फोटोत माझं पोट नेमकं बाप्पांच्या पोटाशेजारी आलं होतं, त्यामुळे तुलना अटळ होती. बायकोनं ती केलीच. "साम्य आहे," एवढंच म्हणाली आणि मोदक वळायला गेली.

डिसेंबरात चिरंजीवांच्या मुंजीची तारीख ठरली. मेचा पहिला आठवडा. म्हणजे अडीचशे माणसांसमोर पुन्हा सोवळं, पुन्हा पाट, पुन्हा मांडी, आणि या वेळी फोटोग्राफर पैसे देऊन बोलावलेला. मी ठरवलं, मुंजीआधी तीन किलो चरबी उतरवायची.

मी जाडा माणूस नाही हे इथं नोंदवायला हवं. उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, वय ४४. तीन वर्षांपूर्वी मात्र मी ७९ होतो. संध्याकाळचा वडापाव बंद केला, जिमला जाऊ लागलो, चालू लागलो, आणि ते १३ किलो पाडाला आलेल्या आंब्यांसारखे टपाटप पडले. त्यात माझं कर्तृत्व थोडं आणि वडापावचं जास्त होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी स्वतःला या विषयातला जाणकार समजू लागलो. ऑफिसात लोकांना सल्ले देऊ लागलो. १३ किलो उतरवणाऱ्याला तीन किलो म्हणजे किस झाड की पत्ती!

हिशेब सोपा होता. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. माझा दिवसाचा खर्च २,२५०च्या आसपास. १,४०० खाल्ल्या तर रोज ८५० वाचतात. सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांत तीन किलो साफ. २ जानेवारीला सुरुवात केली की महिनाअखेर काम फत्ते, उरलेले तीन महिने आरशासमोर.

पहिल्या आठवड्यात वजन १ किलो ६०० ग्रॅमनं उतरलं. मी कोष्टक भिंतीला लावलं. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण माझ्याच हिशेबानं सात दिवसांत पाऊण किलोच उतरायला हवं होतं. वरचं सगळं पाणी होतं. शरीर साखरेचा साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पोळी-भात कमी केला की तो साठा आटतो आणि पाणी निघून जातं. चरबी जागची फारशी हललेलीच नसते. पण कोष्टकावर पाणी आणि चरबी असे वेगळे रकाने नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात काटा थांबला आणि मी बदललो. हे मला नाही, घरच्यांना कळलं. हातातलं घड्याळ रोज साडेनऊ हजार पावलं दाखवायचं, ते सहा हजारांवर आलं. मी जिमला तेवढाच जात होतो, संध्याकाळी तेवढाच चालत होतो. मग पावलं गेली कुठं? तर मी लिफ्ट बोलवत होतो. पाणी प्यायला उठण्याऐवजी चिरंजीवांना हाक मारत होतो. फोनवर बोलताना घरभर फेऱ्या मारायची माझी सवय आहे, ती सुटली होती. मी सोफ्यावर लोळून बोलत होतो. शरीर फार हुशार सावकार आहे. तुम्ही उत्पन्न कापलं की ते न विचारता खर्च कापतं, आणि कापताना पावती देत नाही.

जिममध्ये नऊ पुलअप्स मारणारा मी सहावर आलो. आणि रात्री पांघरुणात फोन घेऊन मी पाककृतींचे व्हिडिओ पाहू लागलो. खाण्यासाठी नव्हे, नुसतेच. सुरळीच्या वड्या, मग खव्याच्या पोळ्या, मग कोणी राजस्थानी बाई घेवर तळत होत्या ते चाळीस मिनिटं. बायकोनं एकदा अंधारात विचारलं, "काय बघतोयस?" मी घाईनं फोन उलटा ठेवला. ते वाईटच दिसलं.

संक्रांतीला स्फोट झाला. आईनं तिळगुळाचे लाडू केले होते. मी एक लाडू स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला. २४ ग्रॅम. सुरीनं अर्धा केला, अर्धा डब्यात परत टाकला. दुपारी पाहतो तर माझा राखून ठेवलेला अर्धा लाडू चिरंजीवांनी खाल्लेला. त्यावर मी जे बोललो ते संक्रांतीच्या दिवशी कोणी बोलू नये. आई म्हणाली, "अरे, लाडू दिलाय ना हातात? मग गोड बोल की!"

त्या रात्री साडेअकरा वाजता मी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि एक चमचा घेऊन ओट्यापाशी उभा होतो. चमचा खरवडल्याचा आवाज आला तेव्हा बरणी संपल्याचं कळलं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, आणि आमची बरणी शंभर ग्रॅमची नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन केला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती आहारतज्ज्ञ आहे आणि मला लहानपणापासून बाळ्या म्हणते, त्यामुळे तिच्यासमोर जाणकारपणा टिकत नाही.

"बाळ्या, तू ७९ किलोचा असताना अंगावर चरबी किती होती? वीसेक किलो धर. आता किती आहे?"

"बाथरूममधला काटा २१ टक्के दाखवतो. ओल्या पायांनी उभा राहिलो तर १७."

"तो काटा चरबी मोजत नाही, पायातून वीज सोडून पाण्याचा अंदाज घेतो आणि बाकीचं ठोकून देतो. त्याचं ऐकू नकोस. दहा किलो धर. मागे कोठार भरलेलं होतं, त्यातून रोज हवं तेवढं धान्य काढता येत होतं. आता कणगीच्या तळाशी आलायस. दार लहान झालंय."

मग तिनं मला मिनेसोटाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्ध संपल्यावर युरोपातल्या उपाशी माणसांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे कळावं म्हणून. लढायला नकार दिलेली, स्वतःहून पुढे आलेली धडधाकट मुलं होती ती. त्यांना ऐन उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, ती चिडचिडी झाली, त्यांना ताटं चाटायची सवय लागली. आणि त्यांतले काही जण पाकशास्त्राची पुस्तकं गोळा करून वाचत बसू लागले.

"घेवर," मी हळूच म्हणालो.

"काय?"

"काही नाही."

त्याच प्रयोगाच्या आकड्यांवरून पुढे २००५ साली एक अंदाज मांडला गेला की अंगावरची चरबी किलोमागे दिवसाला साधारण ७० कॅलरीच देऊ शकते. दहा किलो असेल तर सातशे, तीही फार ताणून. त्यावर जितका खड्डा खणाल तितकं शरीर स्नायू मोडून भरून काढणार. मी ८५०चा खड्डा खणला होता. माझे तीन पुलअप्स त्यात गेले होते. "हा अंदाजच आहे, दगडावरची रेघ नव्हे," ताई म्हणाली, "पण तू रेघेच्या जवळ जायचंच कशाला? २५० कमी खा. महिन्याला पाऊण-एक किलो उतरेल. वजनाच्या दुप्पट नाही तरी पावणेदोनपट ग्रॅम प्रथिनं खा, म्हणजे रोज ११५च्या आसपास. जिममध्ये वजनं कमी करू नकोस. आणि पोटाचे व्यायाम शंभर मार नाहीतर हजार, चरबी तिथली म्हणून जात नाही. विहिरीच्या एका कोपऱ्यातलं पाणी उपसता येत नाही. पुरुषांच्या बेंबीखालची पायरी सगळ्यात शेवटी उघडी पडते."

२५० म्हणजे किती, हे मी कागदावर मांडलं तेव्हा मला अपमान झाल्यासारखं वाटलं. ऑफिसातल्या चार चहांपैकी एक, साधारण ७५. संध्याकाळी चहाबरोबर मूठभर फरसाण, १३०च्या आसपास. पोळीवरचं चमचाभर तूप, ४५. संपलं. माझं सगळं तप एवढंच. कोणाला सांगायचीही सोय नाही. "मी चौथा चहा सोडला" असं मित्रांत म्हटलं तर कोणी टाळ्या वाजवत नाही.

पण लहान खड्ड्याची खरी अडचण ही की तो कशानंही भरतो. ८५०च्या खड्ड्यात एखादा चमचा तेल सांडलं तरी कळत नाही. २५०च्या खड्ड्यात पोह्यांचा मोठा चमचाभर तेल पडलं की १२० गेल्या, दोन चमचे पडले की दिवस फुकट. आणि आमच्या घरी तेल पळीनं घालतात. मी आईला फोडणीसाठी मापाचा चमचा आणून दिला. तिनं तो कौतुकानं पाहिला, त्यानं तेल घातलं, मोहरी टाकली, आणि मी वळल्यावर पळीनं आणखी घातलं. "चमच्यात फोडणी बसत नाही रे." काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट किती, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. चिरंजीवांच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, भाजी चाखताना घेतलेला घास, कोणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा: यांची नोंद मी कधीच केली नव्हती, कारण ते मी खाल्लेलं नव्हतं. ते तोंडात गेलेलं होतं.

रविवार तर निराळाच. सहा दिवस २५० वाचवले की १,५०० होतात. सातव्या दिवशी सासुरवाडीला मटणाचं जेवण आणि वर बासुंदी झाली की त्यातले हजार तिथंच भरले जातात. पहिल्या तीन आठवड्यांत माझा आठवड्याचा खड्डा २५० गुणिले सात नव्हे, जेमतेम पाचशेचा होता. मग मी वाटाघाटी केल्या: रविवारी मटण खायचं, बासुंदी सोडायची, आणि सासूबाईंना आधीच फोन करून सांगायचं. सासूबाईंनी त्याचा अर्थ "जावयाला बासुंदी आवडली नाही" असा घेतला आणि पुढच्या रविवारी श्रीखंड केलं.

आता वजनाची गंमत. आठवड्याला २०० ग्रॅम उतरायचे, आणि काटा रोज एक किलोनं इकडेतिकडे हलतो. लोणचं-पापड खाल्लं की मीठ पाणी धरतं, उशिरा जेवलं की अन्न पोटातच असतं, जिममध्ये पायांचा व्यायाम झाला की मांड्या सुजून पाणी धरतात. एका सोमवारी ६५.४, मंगळवारी मिसळ खाल्ली, बुधवारी ६६.३. एका मिसळीत नऊशे ग्रॅम चरबी व्हायला जवळजवळ सात हजार कॅलरी लागतील. मिसळवाल्याचं तेवढं मन मोठं नाही. तरी बुधवारी मी दुपारचं जेवण सोडलं आणि संध्याकाळी फरसाणाचं पाकीट संपवलं.

ताईनं मग रोजचा आकडा वाचायला बंदी घातली. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी वजन करायचं, लिहायचं आणि वही मिटायची. रविवारी सात दिवसांची सरासरी काढायची, आणि तीही मागच्या आठवड्याशी नव्हे, चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून पाहायची. दर पंधरा दिवसांनी शिंप्याच्या टेपनं बेंबीच्या रेषेत कंबर मोजायची, श्वास सोडून. मी श्वास घेऊन मोजायचो. २२ जानेवारीच्या आठवड्याची सरासरी ६६.० होती, कंबर ८३. दुसऱ्या आठवड्यात ६६.१. तिसऱ्यात ६५.९. चौथ्या आठवड्यात बासुंदीचा तह झाला होता, तेव्हा ६५.६. मार्चच्या मध्याला ६४.७, कंबर ८१. कोष्टकावरची रेघ इतकी आडवी होती की चिरंजीवांनी ती खाली जातेय हे पट्टी लावून सिद्ध केलं.

आणि एक कागद होता. सुरुवातीलाच ताईनं तो माझ्याकडून लिहून घेतला आणि फोटो काढून बायकोला पाठवला. थांबायचं कधी, याचा कागद. कंबर ८० झाली की थांबायचं. किंवा पुलअप्स सलग दोन आठवडे दोननं कमी झाले की थांबायचं. किंवा झोप मोडू लागली, हातपाय गार पडू लागले, तर थांबायचं. तिन्हींतलं जे आधी येईल ते. "हे आत्ता लिही," ती म्हणाली होती, "तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर नसेल." बायकांच्या बाबतीत तिचा नियम आणखी सरळ आहे: पाळी लांबली की त्याच दिवशी खाणं वाढवायचं, पुढच्या महिन्याची वाट पाहायची नाही. पुरुषांकडे इतकी स्वच्छ घंटा नाही. पहाटेची काही लक्षणं असतात, पण ती मी कागदावर लिहू दिली नाहीत, कारण कागद फ्रीजवर लागणार होता आणि आई फ्रीज उघडते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात ३६ अंश तापमान होतं आणि मी ऑफिसात स्वेटर घालून बसलो होतो. एसीमुळे, असं मी सांगत होतो. पहाटे साडेतीनला टक्क जाग येत होती. घड्याळानं झोपेतली नाडी ४७ दाखवली, एरवी ५६ असते. मी ती तब्येत सुधारल्याची खूण म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. पुलअप्स आठवरून सहावर. सरासरी ६४.४. कंबर ८०.५.

अर्धा सेंटिमीटर! बोटाच्या कांड्याइतकाही नाही. मी बायकोला समजावू लागलो की जाग उन्हाळ्यामुळे येते, स्वेटर एसीमुळे, पुलअप्स खांद्यामुळे, आणि कागदावर झोप "मोडू लागली" असं लिहिलंय, माझी मोडून झालीय, तेव्हा ते कलम लागू होत नाही. शिवाय ६३ हा आकडा जवळ आलाय तर आता सोडायचं कसं?

"आधी तर वळी घालवायची होती," ती म्हणाली. "६३ कुठून आलं?"

मला आठवेना. खरंच आठवेना. तिनं मला तिथंच, जमिनीवर मांडी घालायला लावली, शर्ट वर करायला लावला. वळी होती. मग तिनं चिरंजीवांना बोलावलं. दहा वर्षांचा, बरगड्या मोजता येतील असा काटकुळा पोरगा. "बस बाबांशेजारी." तो मांडी घालून बसला, आणि त्याच्या पोटावर, बेंबीच्या जरा खाली, नाजूक, रेखीव अशी एक वळी पडली.

"कातडी आहे ती," ती म्हणाली. "उभं राहिल्यावर पुरते तेवढी असते. बसल्यावर जाईल कुठे?"

तीन महिने मी माझ्या त्वचेविरुद्ध लढत होतो. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "मला वाटलं तुला माहितीये."

थांबणंही सोपं निघालं नाही. एकदम जुन्या खाण्यावर उडी मारायची नाही, आठवड्याला रोजच्या शंभर-दीडशे कॅलरी वाढवत जायचं. आधी फरसाण नको, ताई म्हणाली, आधी भात. पहिल्याच आठवड्यात वजन ८०० ग्रॅमनं वाढलं आणि मी पहाटे साडेतीनला (आता त्या कारणानं) जागा झालो. जानेवारीत गेलेलं तेच पाणी परत येत होतं, कंबर ८०.५लाच होती. हे मला माहीत होतं. मी चौथ्या परिच्छेदात का पाचव्यात तुम्हाला सांगितलंही आहे. तरी त्या दिवशी चहा बिनसाखरेचा घेतला. एप्रिलच्या मध्याला स्वेटर कपाटात गेला, पुलअप्स नऊ झाले, आणि काटा ६५च्या जरा पुढे येऊन बसला. म्हणजे तीन किलोंच्या मोहिमेतून पदरात पडला एक किलो आणि कमरेचे अडीच सेंटिमीटर.

मुंज छान झाली. पाटावर बसताना मी श्वास ओढून धरला होता, पण समोर गुरुजी बसले होते आणि त्यांचं पोट त्यांच्या मांडीवर इतक्या निवांतपणे विसावलं होतं की माझा श्वास आपोआप सुटला. फोटोग्राफरनं सुरुवातीलाच पुढे येऊन माझं उपरणं दोन्ही खांद्यांवरून नीट पोटापर्यंत ओढून दिलं. "असं बरं दिसतं, सर." मग सगळा वेळ ते तसंच होतं.

उपरण्यातून चेहरा मात्र दिसत होता, आणि चेहरा उतरला होता. मला पहिल्यांदा आत्यानं विचारलं, "शुगर निघाली का रे?" मी नाही म्हणालो. मग आत्याच्या यजमानांनी बाजूला घेऊन दोन डॉक्टरांचे नंबर दिले. मामेभावानं कारल्याच्या रसाचं प्रमाण सांगितलं. दुपारपर्यंत कार्यालयातल्या अडीचशे माणसांना माझी तीन महिन्यांची साखर तोंडपाठ झाली होती. मी खुलासे करत होतो, पण मधुमेह लपवणारा माणूस नेमके असेच खुलासे करतो.

पंगत बसली. मसालेभात आला, मठ्ठा आला. मग परातीत रचलेल्या, पाकानं चमकणाऱ्या केशरी जिलब्या घेऊन वाढपी रांगेतून येऊ लागला. मी चार महिन्यांनी जिलबी खाणार होतो, ताईच्या परवानगीनं, मोजमाप न करता. तो शेजारच्या काकांना वाढून माझ्या पानापाशी आला, वाकला, आणि काकांनी त्याचा हात धरला.

"त्यांना नको हं. शुगर आहे."

वाढप्यानं माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीनं पाहिलं आणि तो पुढच्या पानाकडे गेला.

"अहो!" मी पाटावरून अर्धवट उठून, उपरणं सावरत ओरडलो. "अहो जिलबी! इकडे!"